सहा शब्द, सहा वाक्यं आणि एक गळका नळ

पुण्यात नव्यानं राहायला आलेल्या हिंदीभाषक माणसाला ‘नळ गळतोय’ एवढंच सांगून पाहा. पहिला शब्द त्याला लगेच कळतो, कारण हिंदीत ‘नल’ आहे. दुसराही कळल्यासारखा वाटतो, कारण हिंदीत ‘गलना’ आहे. पण डाळ शिजून मऊ होते किंवा बर्फ वितळतो, तेव्हा हिंदीत ‘गलना’ म्हणतात. नळातून थेंब थेंब पाणी पडत राहिलं, तर तो ‘टपकना’ म्हणेल. म्हणजे दोन शब्दांच्या वाक्यातला एक शब्द त्याला बरोबर कळला, दुसरा चुकीचा कळला, आणि चुकीचा कळलाय याचा त्याला पत्ताही नाही. मोठ्या माणसांना मराठी शिकवताना अशा जागा मला रोज भेटतात. त्यासाठी माझ्यासारखे बरेच शिक्षक हल्ली कॅरोसेल हाताशी धरतात.

कॅरोसेल म्हणजे इन्स्टाग्रामवरची एकच पोस्ट, पण तिच्यात ओळीनं अनेक चित्रं. बोटानं डावीकडे सरकवलं की पुढचं चित्र येतं. ही सोय फेब्रुवारी २०१७ मध्ये आली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं बसत. ऑगस्ट २०२४ पासून वीस बसतात. भाषा शिकवणाऱ्यांनी तिचा एक ठरलेला साचा केला आहे. एका स्लाइडवर एक नवा शब्द, त्याचा अर्थ आणि तो शब्द वापरलेलं एक वाक्य. साचा इतका सोपा दिसतो की तो भरायला वेळ लागत नाही. शब्द कोशातून घ्यायचा, अर्थ तिथलाच उचलायचा, वाक्य सुचेल ते लिहायचं. असे कॅरोसेल लोक आवडीनं पाहतात, जपूनही ठेवतात, आणि आठवड्यानं त्यातला एकही शब्द त्यांच्या तोंडात नसतो. असं का होतं, हे एक कॅरोसेल मुळापासून रचून पाहिलं की नीट कळतं. शिकणारे हिंदीभाषक आहेत, मराठी नुकती सुरू केली आहे आणि ‘येणार आहे, जाणार आहे’ इथवर आले आहेत, असं धरू.

पहिला प्रश्न शब्दांच्या निवडीचा. सहज सुचतं ते असं की आज सगळी फळं, उद्या सगळे रंग, परवा सगळ्या दिशा. पाठ्यपुस्तकांतही तसंच असतं आणि पानावर ते शोभून दिसतं. पण थॉमस टिंकम या संशोधकानं १९९३ आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत उलटं दिसलं. एकाच जातीचे नवे शब्द एकत्र दिले, तर एकमेकांत न बसणाऱ्या शब्दांपेक्षा ते पाठ व्हायला जास्त वेळ लागला. एका प्रसंगात गुंफलेले शब्द मात्र सोपे गेले. पुढच्या काही संशोधकांना हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही खरं. तरी वर्गात याची एक बाजू अगदी स्वच्छ दिसते. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ एकाच दिवशी शिकवलं, की दोन्ही शब्द लक्षात राहतात. त्यांतला कुठला कुठल्या बाजूचा, एवढंच राहत नाही.

म्हणून आपण जात न घेता प्रसंग घेऊ. पाणी जाणार आहे आणि घरातला नळ गळतो आहे. या प्रसंगातून शब्द काढायचे, तेही हिंदीवरून सहज कळणार नाहीत असे. मी सहा घेते: लवकर, बादली, पुरणे, गळणे, उद्या, तोवर. ‘नळ’ आणि ‘पाणी’ शिकवायला नकोत. ते वाक्यांत आपोआप येतील. ‘उद्या’ घेतला तर ‘काल’ही घ्यावा असा मोह होतो, कारण हिंदीत दोन्हींना ‘कल’च म्हणतात आणि मराठी ‘काल’ ऐकून हिंदीभाषकाला हमखास उद्याचा दिवस वाटू शकतो. नेमक्या त्याच कारणासाठी दोन्ही शब्द एका कॅरोसेलमध्ये आणायचे नाहीत. ‘उद्या’ आधी पक्का होऊ द्यायचा आणि ‘काल’ला निदान आठवडाभर थांबवायचं.

आता वाक्य. सगळा कस इथेच लागतो. शब्द आणि अर्थ कुठल्याही कोशात मिळतात. त्या शब्दाचं बोट धरून शिकणाऱ्यानं कुठे जायचं ते वाक्य दाखवतं. परभाषा शिकणाऱ्यासाठी खास कोश रचणारे ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा पहिला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. शब्दाभोवती वाक्य कसं बांधलं जातं, हे दाखवणं हा त्या कोशाचा मुख्य हेतू होता. पुढे १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली कोबिल्ड हा कोश झाला. लोकांनी खरोखर लिहिलेल्या-बोललेल्या वाक्यांचा मोठा साठा संगणकात भरून त्यातूनच उदाहरणं घ्यायची, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षकांमध्ये त्यावरून वाद झाले, कारण खरी वाक्यं बऱ्याचदा नवशिक्याला झेपत नाहीत. माझं मत असं झालं आहे की पहिल्या पायरीवर वाक्य रचलेलं असायला हरकत नाही, पण ते घरात कुणीतरी बोलेल असंच हवं.

त्यापुढे दोन कसोट्या आहेत. पहिली अशी की वाक्यातला नवा शब्द सोडून बाकीचे सगळे शब्द शिकणाऱ्याला येत असले पाहिजेत. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजण्यासाठी तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं आढळलं. म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी एकच. स्लाइडवरचं वाक्य सहा-सात शब्दांचं असतं, तिथे एका अनोळखी शब्दाचंच ओझं बरंच होतं. दुसरा शिरला की वाक्य हातातून गेलं. ‘पुरणे’साठी ‘उपलब्ध साधनसामग्री सर्वांच्या गरजांना पुरत नाही’ असं वाक्य मी पाहिलं आहे. हिंदीभाषकाला त्यातले संस्कृत शब्द कळतीलही, पण ते वाक्य तो जन्मात कुणाला म्हणणार नाही.

दुसरी कसोटी रिकाम्या जागेची. वाक्यातला नवा शब्द खोडायचा आणि घरातल्या कुणालाही तिथे काय बसेल ते विचारायचं. ‘मला ____ हवी आहे’ यात बादली, चहापूड, सुट्टी, काहीही बसतं. म्हणजे त्या वाक्यानं बादलीबद्दल काहीच सांगितलं नाही. आता ‘घरात आम्ही पाच जण, एक बादली ____ नाही’ हे पाहा. मराठी माणूस न अडखळता ‘पुरत’ म्हणेल. शिकणाऱ्याला शब्द येत नसला तरी अर्थाचा अंदाज येतोच, कारण पाच माणसं आणि एक बादली हे सगळं सांगून टाकतं. ही कसोटी लावली की निम्म्याहून अधिक वाक्यं पहिल्याच खेपेला बाद होतात. ती बाद होऊ द्यावीत.

या दोन्ही कसोट्या लावून माझी सहा वाक्यं अशी झाली. ‘लवकर’साठी: रोज पाणी दहाला जातं, आज लवकर जाणार आहे, आठलाच. ‘बादली’साठी: पाणी लवकर जाणार आहे, एक बादली भरून ठेवा. ‘पुरणे’साठी: घरात आम्ही पाच जण, एक बादली पुरत नाही. ‘गळणे’साठी: नळ रात्रभर गळतोय, बादली भरली. ‘उद्या’साठी: आज रविवार, प्लंबर उद्या येणार आहे, सोमवारी. आणि ‘तोवर’साठी: प्लंबर उद्या येणार, तोवर नळाखाली बादली ठेवा.

ही वाक्यं सलग वाचली तर एका घराची छोटी हकीकत होते, आणि आधीचे शब्द पुढच्या वाक्यांत परत परत येतात. ‘बादली’ चार वाक्यांत आहे. ‘लवकर’ आणि ‘उद्या’ दोन-दोनदा. शब्द एकदा दिसला की तो ओळखीचा होतो. थोड्या अंतरानं पुन्हा वेगळ्या वाक्यात दिसला, की तो आठवावा लागतो, आणि आठवण्याच्या त्या श्रमानंच तो टिकतो. ‘ठेव’ न लिहिता ‘ठेवा’ लिहिलं, त्यालाही कारण आहे. हिंदीत ‘आप’ म्हणण्याची सवय असलेला माणूस शेजारच्या काकूंशी बोलताना नेमकं काय वापरावं या पेचात असतो. ‘तुम्ही’ आणि त्यासोबतचं ‘ठेवा’ कानावर आधी पडलं, तर सोसायटीत त्याचं बोलणं उद्धट वाटत नाही.

इथे एक अडचण उभी राहते. मराठी माणसाला ती दिसतच नाही, कारण ती त्याच्या अंगवळणी पडलेली असते. स्लाइडवर मोठ्या अक्षरांत ‘नळ’ आणि वाक्यात ‘नळाखाली’. शब्दाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी त्याचं रूप बदलतं. शाळेत आपण त्याला सामान्यरूप म्हणालो होतो आणि मार्कांपुरतं पाठ केलं होतं. शिकणाऱ्याला मात्र ते घराघरांत अडवतं. रस्ता शिकला, पण पाटीवर ‘रस्त्यावर’ आहे. पाणी शिकला, पण कानावर ‘पाण्यात’ येतं. बादलीचं मात्र ‘बादलीत’च होतं, काही बदलत नाही. नियम सांगायला कॅरोसेल ही जागा नव्हे. एका स्लाइडवर व्याकरणाचा परिच्छेद घातला की वाचणारा बोट सरकवून मोकळा होतो. मी एवढंच करते की शब्दाखाली एक बारीक ओळ देते: ‘ती बादली, बादल्या, बादलीत’. लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप तिन्ही त्या चार शब्दांत येतात, आणि नाव एकाचंही घ्यावं लागत नाही.

लिंगाची खूण प्रत्येक नामासोबत लागतेच. हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन. ‘ते पाणी’ हे हिंदीभाषकाच्या डोक्यात सहजासहजी बसत नाही, कारण त्याचं ‘पानी’ पुल्लिंगी आहे. म्हणून तो ‘पाणी आला’ म्हणतो. त्याच्या बाजूनं ते अगदी तर्कशुद्ध आहे. पाणी, बादली, नळ या तीन शब्दांत ते, ती, तो तिन्ही येतात, म्हणून हा प्रसंग मला विशेष आवडतो. काही शिक्षक तीन लिंगांसाठी तीन रंग वापरतात. कल्पना चांगली आहे, पण रंगासोबत ‘तो, ती, ते’ लिहिलेलंच असावं. रंग नीट न दिसणारी माणसंही शिकत असतात.

क्रियापदाची गोष्ट वेगळी. कोशात ‘गळणे’ असतं. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून आजवर तशीच प्रथा आहे. पण ‘गळणे’ असं रोजच्या बोलण्यात सहसा कानावर पडत नाही. म्हणून स्लाइडवर मोठ्या अक्षरांत ‘गळतोय’ लिहावं आणि ‘गळणे’ त्याखाली लहान. ‘गळत आहे’ हे लेखी रूपही लहान अक्षरांत द्यावं, कारण नोटीस बोर्डावर तेच भेटणार आहे. पण मान बोललेल्या रूपाला द्यावा. अर्थ देताना कोशातले सगळे अर्थ उतरवण्याची गरज नाही. ‘पुरणे’ म्हणजे जमिनीत गाडणंही होतं, पण आपल्या वाक्यात ते नाही. तिथे ‘काफ़ी होना’ एवढंच लिहावं. गाडण्याचा अर्थ ज्या दिवशी त्याच्या वाचनात येईल त्या दिवशी तो शिकेल.

आता हे सगळं फोनच्या पडद्यावर बसवायचं आहे. उभ्या पोस्टचं रूढ माप १०८० बाय १३५० पिक्सेल. पहिल्या चित्राचा आकार ठरला की बाकीची चित्रंही त्याच आकारात कापली जातात, म्हणून सगळी एकाच मापात करावीत. मांडणी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर केली की सगळं ऐसपैस दिसतं आणि तिथेच फसायला होतं. फोनवर ती रुंदी जेमतेम सात सेंटीमीटर होते. म्हणजे सोळा पिक्सेलांना साधारण एक मिलिमीटर. चाळीस पिक्सेलांचं अक्षर तिथे अडीच मिलिमीटर उरतं, आणि देवनागरीत त्यातच वरच्या वेलांट्या नि खालचे उकार मावायचे असतात. वाक्य साठ-सत्तर पिक्सेलांच्या खाली नेऊ नये आणि दोन ओळींत भरपूर अंतर ठेवावं, नाहीतर खालच्या ओळीची मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. पक्की परीक्षा एकच: चित्र स्वतःच्या फोनवर पाठवायचं, हात लांब करून धरायचं आणि वाचायचं.

फॉन्टबाबत मराठी शिक्षकानं थोडं हट्टी असावं. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत आणि पुष्कळ देवनागरी फॉन्ट हिंदी वळणंच दाखवतात. शिकणारा पाटीवर, एसटीच्या फलकावर जे पाहणार तेच त्याला स्लाइडवर दिसायला हवं. तिरो देवनागरी मराठी हा मोफत मिळणारा फॉन्ट खास मराठीसाठी केलेला आहे. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू हे फॉन्टही फोनवर स्वच्छ वाचता येतात; वळणं तेवढी तपासून घ्यावीत. दुसरी तपासणी ‘ऱ्या’ची. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. काही जुन्या आराखडा-सॉफ्टवेअरमध्ये ‘ऱ्या’ चिकटवला की त्याचा रफार होतो किंवा पाय मोडलेला र सुटा उभा राहतो. शिकवणाऱ्याची नजर त्यावरून सहज घसरते, कारण आपण अख्खा शब्द ओळखतो. शिकणारा मात्र अक्षर न् अक्षर उतरवून घेतो. म्हणून अंतिम चित्र निघाल्यावर, पोस्ट करण्याआधी, प्रत्येक जोडाक्षर बोट ठेवून वाचावं.

लिपी जे दाखवत नाही तेही ध्यानात ठेवावं लागतं. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एक, बोलायला दोन. ‘जेवण’ आणि ‘जागा’ यांतल्या ‘ज’चंही तेच. हिंदीत हा दंत्य उच्चार नाही, म्हणून डोळ्यांनी शिकलेला माणूस ‘चाक’ हिंदी वळणानं म्हणतो. कॅरोसेलमध्ये चित्रांसोबत व्हिडिओही घालता येतो. शेवटून दुसरी स्लाइड म्हणून सहाही वाक्यं सावकाश वाचल्याचा छोटा व्हिडिओ ठेवला की ही उणीव बरीच भरून निघते.

स्लाइडवर वर शब्द, मधे वाक्य आणि अगदी तळाशी अर्थ अशी मांडणी मी पाळते. अर्थ तळाशी असला की तो अंगठ्याखाली झाकता येतो. आधी वाक्यावरून अंदाज बांधायचा, मग अंगठा काढायचा. पहिल्याच स्लाइडवर तशी सूचना एका ओळीत द्यावी. शेवटच्या स्लाइडवर तीच सहा वाक्यं असतात, पण शब्दांच्या जागी रेघा. उत्तरं त्या स्लाइडवर नसतात. अडला तर मागे सरकवून पाहायचं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पाहताना कळलं की आलं असं वाटतं, आणि कॅरोसेलमध्ये हा भास फार लवकर होतो, कारण अर्थ डोळ्यांपुढेच असतो.

कॅरोसेल व्हॉट्सॲपवर पोचला की त्याची सुटी चित्रं होतात आणि क्रम मोडतो. आपली वाक्यं तर एकमेकांवर उभी आहेत. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात ‘३/९’ असा आकडा असावा. पहिली ओळखीची, सहा शब्दांच्या, मग व्हिडिओ आणि रेघांची अशा नऊ. हे शेवटचे दोन भाग फॉरवर्डमध्ये बहुधा गळतात, त्याला इलाज नाही.

कॅरोसेल लागू पडला की नाही हे किती जणांनी पाहिला यावरून कळत नाही. मी शिकणाऱ्यांकडून दोन-तीन दिवसांनी, स्लाइड न पाहता, एकेका शब्दाचं स्वतःचं वाक्य मागते. चुका फार बोलक्या असतात. ‘दोन बादली पुरत नाही’ असं आलं, तर शब्द रुजला आहे पण ‘बादल्या’ आणि ‘पुरत नाहीत’ अजून बाकी आहे. हिंदीत ‘दो बाल्टी पानी’ चालतं, त्याची ती सावली. ‘पाणी पुरत नाही आहे’ असं आलं तर ते हिंदीच्या ‘नहीं हो रहा है’चं शब्दशः मराठी आहे. ‘माझा बर्फ गळतोय’ आलं तर समजावं की ‘गळणे’च्या स्लाइडवर हिंदी अर्थ नीट वाचलाच गेला नाही. मग तिथे ‘गलना’ लिहून त्यावर फुली मारावी आणि शेजारी ‘टपकना’ लिहावं.

पुढचा कॅरोसेल या चुकांतूनच ठरतो. माझ्या पुढच्या संचात जिना, मजला, किल्ली, शेजारी, वाजवणे आणि आता उशिरा का होईना ‘काल’ आहे. प्लंबर येतो, त्याला दुसऱ्या मजल्यावर पाठवायचं आहे, घराला कुलूप आहे आणि किल्ली शेजाऱ्यांकडे. ‘काल’चं वाक्य असं ठरवलं आहे: ‘प्लंबर काल आला होता, पण किल्ली शेजाऱ्यांकडे होती.’ ‘आला होता’ असल्यामुळे ‘काल’ पुढच्या दिवसाकडे वळवायला जागाच राहत नाही. त्याच संचात एका वाक्यात ‘उद्या लवकर या’ आहे, म्हणजे मागचे दोन शब्द अर्थाविना, नुसते वाक्यात परत येतात. आणि दोन बादल्या आहेत, ‘नाहीत’सह.